यूकेला ताईच्या पदवीदानाला आई-बाबांना पाठवायचंय : शेतकऱ्याची फाईल व्हिसा अधिकारी कशी बघतात?

शिवार_निपाणी
नमस्कार मंडळी. माझी मोठी बहीण इंग्लंडला एमएससी झाली. आता तिथंच ग्रॅज्युएट व्हिसावर नोकरी करते. डिसेंबरमध्ये तिचा पदवीदान समारंभ आहे, पाहुण्यांची दोन तिकिटं मिळालीत. आई-बाबांनी जावं अशी आम्हा सगळ्यांची इच्छा आहे. तीन आठवडे राहून परत यायचं.

बाबा शेतकरी. तीन एकर ऊस, दोन म्हशी, दूध डेअरीला जातं. इन्कम टॅक्स रिटर्न कधी भरलेलं नाही, शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून गरजच पडली नाही. जमिनीचा उतारा काका आणि बाबा दोघांच्या नावावर, आणि तो सगळा कन्नडमध्ये. दोघांचेही पासपोर्ट कोरे, आई तर अजून विमानतळसुद्धा बघायची आहे.

बेळगावातला एक एजंट म्हणतो, बाबांच्या खात्यात महिनाभर दहा लाख ठेवा, बाकी मी बघतो. काका पैसे द्यायला तयार आहेत. पण मला भीती वाटते. सॅलरी स्लिप नाही, रिटर्न नाही, अशा माणसाच्या फाईलमध्ये अधिकारी नेमकं बघतात तरी काय?

साडू_संकेश्वर
अहो ठेवा की दहा लाख. बॅलन्स दिसला पाहिजे, त्याशिवाय होत नाही. माझ्या साडूचं तसंच झालं. आणि बहिणीकडून स्पॉन्सर लेटर घ्या. ते असलं की तुमच्या बाबांना काहीच दाखवायला लागत नाही.

अनगोळची_मामी
अभिनंदन रे बाळा ताईचं! मुलाखतीची तयारी करून घे आई-बाबांकडून. माझ्या जावेच्या मुलाकडे अमेरिकेला जाताना त्यांनी मुंबईला मराठीतच मुलाखत दिली होती. खिडकीपलीकडच्या बाईंनी फाईल उघडूनसुद्धा बघितली नाही. मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, एवढंच विचारलं आणि झालं. म्हणून कागदांचा एवढा घोर लावून घेऊ नकोस.

मलप्रभा
मामी, अमेरिकेचं खरंच तसं आहे. तिथं फॉर्म आणि खिडकीवरचा दोन-तीन मिनिटांचा संवाद यावरच निर्णय होतो. यूकेचं उलटं आहे. व्हिसा सेंटरला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, कागद अपलोड होतात, आणि तिथला माणूस काहीच ठरवत नाही. निर्णय घेणारा अधिकारी तुमच्या आई-बाबांना बघत नाही, बहुतेक वेळा फोनही करत नाही. तो फक्त कागद वाचतो. म्हणून कागदांनीच बोलायला पाहिजे.

माझं माहेर खानापूरचं. इंग्लंडमध्ये काही वर्षं इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात भेटीच्या व्हिसाच्या फायली तयार करायचं काम केलं. नकाराची पत्रं पुष्कळ वाचली. त्यांत खात्यात पैसे कमी आहेत असं क्वचितच लिहिलेलं असायचं. बहुतेकांचा सूर असा, की तुम्ही सांगितलेली परिस्थिती आणि तुमचे कागद जुळत नाहीत, म्हणून तुम्ही खरे भेटीला येताय आणि परत जाल याची मला खात्री पटत नाही.

आता तुमच्या बाबांचं बघा. फॉर्मात महिन्याचं उत्पन्न, महिन्याचा खर्च, या प्रवासाला किती पैसे लागणार आणि ते कोण देणार, हे सगळं विचारतात. समजा तुम्ही उत्पन्न पंचवीस-तीस हजार लिहिलं. स्टेटमेंटमध्ये वर्षभर शिल्लक लाख-दीड लाखाच्या घरात, आणि अर्जाच्या आधी तीन आठवडे एकदम दहा लाख जमा. अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारणार, की हे आले कुठून? उत्तर फाईलमध्ये नसेल तर तो ते पैसे बाबांचे धरतच नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही त्याचा विश्वास उडतो. दहा लाख ठेवून फाईल कमकुवत होते.

साडू_संकेश्वर
पण साडूचं झालं होतं की. ते कसं?

मलप्रभा
दादा, तुमचे साडू काय करतात?

साडू_संकेश्वर
कापडाचं दुकान आहे. जीएसटी, रिटर्न सगळं भरतात.

मलप्रभा
मग त्यांच्या उलाढालीला दहा लाख शोभतात. दुकानदाराच्या खात्यात ती रक्कम आली कशी हे रिटर्नवरून कळतं. तीच रक्कम तीन एकरवाल्याच्या खात्यात परकी दिसते.

स्पॉन्सर लेटरबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. दुसऱ्यानं खर्च करायला नियमात परवानगी आहे. नातं खरं हवं, त्या माणसाकडे पैसे हवेत आणि तो ते देईल असं दिसलं पाहिजे. पण ते पत्र फक्त पैशाचा प्रश्न सोडवतं. परत येणार का, या प्रश्नाचं उत्तर ताईच्या पत्रात नाही, ते बाबांच्या आयुष्यात आहे. त्यामुळे बाबांचे कागद लागणारच.

ऊसवाला_चिकोडी
शिवार, तू स्टेटमेंट काढून आधी स्वतः नीट बघ. आमच्या शेतकऱ्यांच्या खात्यात दोन गोष्टी अशा असतात की परक्या माणसाला काही कळत नाही.

एक उसाचं बिल. वर्षभर खातं कोरडं आणि मग कारखान्याकडून एकदम दोन-अडीच लाख पडतात. मॅडम म्हणाल्या तसं, तेही अचानक आलेले पैसेच दिसणार. म्हणून कारखान्याची बिलाची पावती लाव. त्यावर सभासद नंबर, टन, दर, कपात, निव्वळ रक्कम सगळं असतं. ती रक्कम आणि स्टेटमेंटमधली रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे. मागच्या दोन गळीत हंगामांच्या पावत्या मिळाल्या तर फार चांगलं, मग दरवर्षी असंच येतं हे दिसतं.

दुसरं, पीककर्जाचं नवं-जुनं. एका दिवशी दोन लाख भरायचे, दोन दिवसांनी तेवढेच परत उचलायचे. आपल्याकडं गावातलं पोर सुद्धा सांगेल हे काय आहे. तिकडच्या माणसाला वाटणार, कुणीतरी पैसे फिरवालंय.

मलप्रभा
चिकोडीकर दादा, हे तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. नवं-जुनं असलेल्या एका फाईलला नकार आलेला मी स्वतः वाचलाय. त्यात कर्जाचा उल्लेख कुठंच नव्हता, म्हणून मोठ्या रकमा येऊन लगेच गेल्या एवढंच अधिकाऱ्याला दिसलं. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून किंवा बँकेकडून एक पत्र घ्या, की हे पीककर्ज दरवर्षी नूतनीकरण होतं, अमुक तारखेला भरलं, अमुक तारखेला पुन्हा दिलं. स्टेटमेंटवर त्या ओळी पिवळ्या करा आणि बाजूला नंबर घाला, पत्रात त्याच नंबरानं खुलासा करा. खोटं काही करायचं नाही, आहे ते वाचता येईल असं मांडायचं.

कागदपत्र_टिळकवाडी
भाषांतराबद्दल लिहितो. इंग्रजी किंवा वेल्शमध्ये नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर लागतं. त्यावर भाषांतरकारानं हे अचूक भाषांतर आहे असं लिहायचं, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा पत्ता-फोन द्यायचा. आपल्याकडे कोर्टाच्या आवारात नोटरीचा लाल शिक्का मारून देतात, पण भाषांतरकाराचं नावच नसतं. शिक्का कितीही मोठा असला तरी तो यूकेला मागितलेला नाही, नाव आणि संपर्क मागितलाय.

उताऱ्यात आणखी एक पेच असतो. कन्नडमधून इंग्रजीत नाव लिहिताना भाषांतरकार आपल्या कानानं स्पेलिंग करतो. पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं, उताऱ्यावर तिसरं. भाषांतर करायला देतानाच पासपोर्टची झेरॉक्स द्या आणि त्याच स्पेलिंगचा आग्रह धरा. कन्नडात नाव वेगळं पडलं असेल तर भाषांतरात तसंच ठेवा, आणि दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडा.

आणि उतारा सामाईक आहे म्हणालात. त्यात बाबांचा हिस्सा किती ते नुसत्या उताऱ्यावरून कळत नाही. वाटणी झाली नसेल तर काकांचं साधं पत्र घ्या, की जमीन दोघांची, त्यातले तीन एकर भाऊ कसतो.

चोर्ला_घाट
पासपोर्टवर जन्मगाव Belgaum आणि आधारवर Belagavi, याचा काही त्रास?

कागदपत्र_टिळकवाडी
नाही. २०१४च्या नोव्हेंबरपासून सरकारी नाव बदललं, जुन्या कागदांवर जुनंच असणार. शंका वाटली तर पत्रात एक ओळ टाका.

घटप्रभा_काठ
नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढून लावा, सोपं आहे. तहसीलदारांची सही असते, सरकारी कागद आहे.

ऊसवाला_चिकोडी
थांबा थांबा. त्या दाखल्यावर काय आकडा आहे ते आधी बघा. शिष्यवृत्तीसाठी, रेशनसाठी काढलेले दाखले बहुतेक घरात असतात आणि त्यावर वर्षाचे चाळीस-पन्नास हजार लिहिलेलं असतं.

शिवार_निपाणी
आमच्या घरात आहे तो. ताईच्या कॉलेजच्या वेळचा. वर्षाला ४८ हजार.

मलप्रभा
जुना आहे, त्यावर आजचं काही ठरत नाही, तो लावू नका. नवा काढायचा तर खरं उत्पन्न सांगून काढा, नाहीतर काढूच नका, कारण तो बंधनकारक कागद नाही. एकाच फाईलमध्ये दाखला म्हणतो वर्षाला पन्नास हजार आणि फॉर्म म्हणतो महिन्याला सत्तावीस हजार, असं झालं की अधिकाऱ्याला दोन्ही खोटे वाटतात. उसाच्या पावत्या, डेअरीचे पगारपत्रक आणि स्टेटमेंट यावरून उत्पन्न उत्तम सिद्ध होतं.

शिवार, तुम्ही खरे आकडे इथं टाकाल का? मग कुणी किती खर्च करायचा ते बघता येईल.

शिवार_निपाणी
ऊस एकरी चाळीस टनाच्या हिशोबानं साधारण १२० टन. टनाला हातात तीन हजार धरले तर ३ लाख ६० हजार. खत, पाणी, मजुरी १ लाख ३० हजार जाऊन २ लाख ३० हजार राहतात. दुधाचे खर्च वजा जाता महिन्याला आठ हजार, म्हणजे वर्षाचे ९६ हजार. एकूण ३ लाख २६ हजार. घरखर्च महिन्याला पंधरा हजार. बँकेत आत्ता १ लाख ९० हजार आहेत आणि गावच्या पतसंस्थेत २ लाखांची ठेव.

ताईला हातात महिन्याला २,१०० पाउंड मिळतात, भाडं-जेवण-प्रवास धरून १,२५० जातात.

प्रवासाचा अंदाज : दोघांची विमानाची तिकिटं दीड लाख, व्हिसा फी दोघांची मिळून तीस हजारांच्या आसपास, तिथला तीन आठवड्यांचा वरखर्च साठ हजार. म्हणजे २ लाख ४० हजार.

खानापूरकर
मग सगळं बाबांनीच करावं असं मला वाटतं. स्वतःच्या पैशानं जाणारा माणूस जास्त विश्वासू वाटतो. मुलीवर अवलंबून दिसलं की मुलीकडेच राहणार असं वाटू शकतं.

मलप्रभा
खानापूरकर, माझं मत वेगळं आहे. महिन्याला सत्तावीस हजार मिळवून पंधरा खर्च करणारा माणूस बारा हजार वाचवतो. २ लाख ४० हजार म्हणजे त्याची वीस महिन्यांची बचत. तीन आठवड्यांसाठी कुणी एवढं का घालवेल, हा प्रश्न अधिकारी विचारतोच, आणि नकाराच्या पत्रात तो वारंवार दिसतो.

आता हाच खर्च वाटून बघा. तिकिटं आणि फी ताईनं द्यायची, म्हणजे १ लाख ८० हजार, साधारण १,५५० पाउंड. ती महिन्याला ८५० वाचवते, म्हणजे तिची दोन महिन्यांचीसुद्धा बचत नाही. वरखर्चाचे साठ हजार बाबांनी, म्हणजे त्यांची पाच महिन्यांची बचत, आणि ते आजच खात्यात आहेत. मुलीच्या पदवीदानासाठी एवढं करणं कुणालाही पटेल. उधार घेतलेले दहा लाख कुठंच लागले नाहीत बघा.

ताईचे सहा महिन्यांचे पगारपत्रक आणि स्टेटमेंट, तिच्या व्हिसाचा पुरावा, नोकरीचं पत्र लावा. ती अजून विद्यार्थी व्हिसावर असती तर मी वेगळं सांगितलं असतं. सत्रात आठवड्याला वीस तास काम करणाऱ्या मुलीनं दोघांना पोसायचं म्हटलं तर ते आकड्यांतच बसत नाही.

खानापूरकर
आकडे पटले. तरी माझ्या मामांनी स्वतःच्या ठेवीवर सगळा खर्च दाखवला होता आणि व्हिसा मिळाला. ते निवृत्त शिक्षक, पेन्शन होती. त्यामुळे एकच नियम सगळ्यांना लागेल असं वाटत नाही.

मलप्रभा
लागत नाहीच. पेन्शन दरमहा येते, माणूस कुठंही असला तरी. ती वेगळी ताकद आहे.

शिवार_निपाणी
ताई चार जणींच्या शेअर घरात एका खोलीत राहते. ते अडचणीचं आहे का?

लीड्सवाली
मी इथंच राहते, माझ्या आईच्या वेळी हाच प्रश्न आला होता. शेअर घरात एका खोलीत तिघं म्हटलं की शंका येते, आणि भाडेकरारातही पाहुण्यांवर बंधन असतं. घरमालकाचा ईमेल घ्या, अमुक तारखांना आई-वडील राहिले तर हरकत नाही असा. तुझ्या ताईची कुणी मैत्रीण नाताळात घरी जाणार असेल तर तिची खोली मिळते का बघ. नाहीतर जवळची साधी खोली बुक करून तो खर्च हिशोबात धर.

विद्यापीठाकडून पाहुण्यांसाठी छापील पत्र मिळतं का तेही विचार. पुष्कळ ठिकाणी समारंभाची तारीख आणि विद्यार्थ्याचं नाव असलेलं साधं पत्र देतात, पाहुण्यांची हमी कुणी घेत नाही.

आणि विमानाचं तिकीट आधी काढू नका. व्हिसा मिळेपर्यंत पैसे अडकवू नका असंच सरकारी संकेतस्थळ सांगतं. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधी करता येतो, निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. डिसेंबरला जायचं तर आत्ताच बसा.

अनगोळची_मामी
तिथं गेल्यावर नातवंडं सांभाळायला राहिलं तर चालतं का? माझी मुलगी बोलवालीय, मला सहा महिने राहायचंय.

लीड्सवाली
मामी, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा हो. थोडक्यात सांगते : भेटीला आलेल्या आजीनं नातवंडांत रमणं चालतं, पण पाळणाघराऐवजी आजी असं दिसलं तर नाही. तुम्ही सहा महिने मागता तेव्हा मागं घरी कोण आहे ते जास्त विचारलं जातं.

शिवार_निपाणी
पत्राचा कच्चा मसुदा केलाय, त्यातला हा भाग मराठीत टाकतो. चुकलं तर सांगा.

"आम्ही भारताचे प्रामाणिक नागरिक आहोत आणि यूकेच्या सर्व कायद्यांचे काटेकोर पालन करू. आमची मुलगी अत्यंत हुशार असून तिच्या यशाच्या क्षणी उपस्थित राहणे हे आमचे स्वप्न आहे. आम्ही नक्की परत येऊ याची खात्री बाळगावी."

मलप्रभा
भावना खरी आहे, पण यातलं काहीच अधिकाऱ्याला तपासता येत नाही. तपासता येईल असं लिहा. डिसेंबर म्हणजे तुमच्याकडे गळीत हंगाम, मग ऊसतोड कोण बघणार?

शिवार_निपाणी
आमची तोड जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आहे, कारखान्याच्या नोंदीप्रमाणे. तोपर्यंत बाबा परत आलेले असतील. म्हशी आणि आजी मी बघणार. आजी ८१ वर्षांची, बाबांकडेच असते.

मलप्रभा
हेच लिहायचं! असं करा :

"आम्ही ६ डिसेंबरला निघून २७ डिसेंबरला परत येऊ. समारंभ ११ डिसेंबरला आहे. आमच्या तीन एकर उसाची तोड कारखान्याच्या नोंदीनुसार जानेवारीत आहे (कागद ७) आणि तोडीच्या वेळी मला शेतावर असावे लागते. माझी ८१ वर्षांची आई आमच्याकडे राहते. या तीन आठवड्यांत तिची व जनावरांची काळजी माझा मुलगा घेईल, तो याच घरात राहतो (कागद ९ व १०). तिकिटे व व्हिसा फी माझी मुलगी भरेल, इतर खर्चाचे साठ हजार रुपये माझे आहेत (कागद ४)."

ऊसनोंदीचा कागद, रेशनकार्ड आणि आजीचं आधार भाषांतरासह लावा. तारखा तुमच्या खऱ्या घाला.

ऊसवाला_चिकोडी
तोडीचा प्रोग्राम व्हिसाला लागेल असं आमच्या फडात कुणाला वाटलं नसतं. लई भारी.

शिवार_निपाणी
अजून एक राहिलं. ताईच्या शैक्षणिक कर्जाला बाबा सहकर्जदार आहेत, अठरा लाख शिल्लक. हप्ता ताईच भरते. हे सांगायचं का?

खानापूरकर
विचारलं नाही तर कशाला सांगायचं? उगाच कर्जबाजारी दिसेल.

कागदपत्र_टिळकवाडी
मी सांगेन. हप्ता बाबांच्या खात्यातून वळता होत असेल तर तो स्टेटमेंटमध्ये दिसणारच. बँकेचं पत्र लावून मोकळं व्हा.

मलप्रभा
हप्ता कुठल्या खात्यातून जातो त्यावर आहे. बाबांच्या खात्यातून जात असेल तर खुलासा हवाच, आणि ताई दरमहा ते पैसे पाठवते हेही दिसू दे. पूर्ण वेगळ्या खात्यातून जात असेल तर मी पत्रात ओढून आणणार नाही. पण ताईच्या महिन्याच्या १,२५० पाउंड खर्चात तो हप्ता धरलाय का?

शिवार_निपाणी
नाही धरला. हप्ता बावीस हजार आहे. तिच्याच खात्यातून पाठवते.

मलप्रभा
मग तिची बचत ८५० नाही, ६६० च्या आसपास आहे. तो खर्च तिच्या पत्रात आलाच पाहिजे, कारण तिच्या स्टेटमेंटवर दरमहा ओळ दिसणार. तरी हिशोब बसतो, अडीच महिन्यांची बचत होते. आधी तिच्या खात्यात आज किती शिल्लक आहे ते विचारा.

चोर्ला_घाट
आणि एजंटचं काय ठरलं?

शिवार_निपाणी
नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, फॉर्ममध्ये बाबांना साखर कारखान्याचे सुपरवायझर दाखवतो, पत्र आणून देतो.

मलप्रभा
बरं झालं नको म्हणालात. खोटा कागद पकडला गेला तर साध्या नकारावर भागत नाही, दहा वर्षांपर्यंत बंदी येते, आणि पुढं पुष्कळ देशांच्या फॉर्मात ते सांगावं लागतं. साधा नकार आला तर कारण दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. फी मात्र परत मिळत नाही आणि भेटीच्या व्हिसाला अपील नाही.

लीड्सवाली
शिवार, व्हिसा मिळाला की पत्राची आणि ताईच्या कागदांची एक प्रत आईच्या हातातल्या पिशवीत दे, चेक-इनच्या बॅगेत नको. इथं उतरल्यावरही अधिकारी विचारतात, कुठं राहणार, किती दिवस, कशाला आलात. आई-बाबांना ताईचा पत्ता आणि परतीची तारीख तोंडपाठ असू दे.

शिवार_निपाणी
ताईचा फोन झाला. तिच्या खात्यात आज २,३०० पाउंड आहेत. घरमालकाला ईमेल केलाय, उत्तर यायचंय. पुण्याच्या सेंटरची वेळ घ्यावी की बेंगळुरूची, कुणी अलीकडे गेलंय का?

घटप्रभा_काठ
पुणे घे. रात्रीच्या बसनं सकाळी पोचता, आणि आईला तिथं मराठीत बोलता येईल. पण पतसंस्थेच्या ठेवीच्या पावतीचं भाषांतर विसरू नको, आमची मराठीत होती.

शिवार_निपाणी
आमची पण मराठीतच आहे. उद्या टिळकवाडीला जाऊन सगळे एकदम देतो.